क्लायंटकडच्या पाच जणांच्या सूचनांतून दुरुस्त्यांची एकच यादी करताना या चुका टाळा

गोडा मसाल्याच्या 200 ग्रॅमच्या पाऊचचं डिझाइन मी क्लायंटला दुसऱ्यांदा पाठवलं आणि तीन दिवसांत सत्तावीस सूचना आल्या. मालकांनी, म्हणजे सगळे ज्यांना आप्पा म्हणतात त्यांनी, व्हॉट्सॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मार्केटिंगच्या मॅडमनी पीडीएफवर शेरे लिहिले. विक्री सांभाळणारे दादा गाडी चालवताना फोनवर बोलले, क्वालिटीच्या ताईंचा ईमेल आला आणि खरेदी विभागाने प्रिंट काढून त्यावर पेनाने गोल करून फोटो पाठवला. आप्पांना लोगो मोठा हवा होता. मॅडमना तो लहान करून आमटीच्या वाटीचा फोटो मोठा हवा होता.

पॅकेजिंगच्या कामात हे प्रत्येक वेळी होतं. सुरुवातीची काही वर्षं अशा ठिकाणी मी ज्या चुका करत होते, त्या या एका पाऊचच्या आधाराने सांगते.

चूक पहिली: सगळे एकच फाइल बघतायत असं धरून चालणं

परस्परविरोधी सूचना दिसल्या की आपण लगेच माणसांच्या आवडीनिवडीकडे जातो. त्याआधी तपासायची गोष्ट साधी आहे: कोण काय बघून बोलतंय? या वेळी सत्तावीसपैकी चार सूचना जुन्या फाइलवरच्या होत्या. विक्रीच्या दादांच्या फोनमध्ये पहिलं डिझाइन उघडं होतं आणि ते जे बदल सांगत होते, ते दुसऱ्या डिझाइनमध्ये झालेलेही होते.

रंगाचं तर हमखास असंच होतं. आप्पा म्हणाले लाल रंग भडक आहे, खरेदीवाले म्हणाले फिका आहे. आप्पा मोबाइलच्या स्क्रीनवर बघत होते. खरेदीवाल्यांच्या हातात ऑफिसच्या प्रिंटरने साध्या कागदावर काढलेली प्रत होती. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, साधा कागद शाई शोषून घेतो आणि खरं पाऊच छापलं जातं चकचकीत फिल्मवर. त्या दोघांपैकी कुणीही खरा लाल पाहिलेलाच नव्हता. अशा वेळी फाइलमधल्या रंगाला हात लावू नका. यादीत लिहा: "लाल रंग: फाइलमध्ये बदल नाही. छापखान्याकडून रंगाचा प्रूफ मागवून दोघांना एकाच वेळी दाखवायचा." ओळखायची खूण अशी, की दोघांच्या तक्रारी एकाच गोष्टीबद्दल आणि बरोबर उलट दिशेच्या असतील, तर आधी दोघांकडून ते काय बघतायत याचा फोटो मागवा.

यावर उपाय म्हणून आता मी डिझाइनच्या कोपऱ्यातच, छपाईच्या हद्दीबाहेर, आवृत्तीचा आकडा आणि तारीख मोठ्या अक्षरांत टाकते. फाइलच्या नावावर भरवसा ठेवत नाही, कारण पुढे पाठवताना कुणी स्क्रीनशॉट काढला की नाव गळून पडतं.

चूक दुसरी: सांगितलेला उपाय लिहून घेणं, अडचण न विचारणं

सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे, आणि सगळ्यात जास्त हाती लागतं तेही इथेच.

"लोगो मोठा करा" आणि "लोगो लहान करा" या दोन ओळी शेजारी ठेवल्या तर त्यांतून मार्ग निघत नाही. पूर्वी मी मधला आकार काढायचे आणि दोघंही नाराज व्हायचे. या वेळी दोघांना वेगवेगळा फोन केला आणि एकच विचारलं: आत्ताचा लोगो असाच राहिला तर नेमकं काय बिघडेल?

आप्पा म्हणाले, "अगं, जुनं गिऱ्हाईक चिन्ह बघून पुडा उचलतं. दुकानात उभं राहिलं की लांबून आपला पुडा ओळखूच येत नाही." मॅडम म्हणाल्या, "शहरातल्या नव्या ग्राहकाला गोडा मसाला कशात घालतात तेच माहीत नसतं. आमटी दिसली नाही तर तो गरम मसाला समजून ठेवून देईल."

आता भांडण उरलं नाही. एकाला लांबून ओळख हवी आहे, दुसऱ्याला वापर कळायला हवा आहे. मग विक्रीच्या दादांची एक सूचना आठवली, जी मी जवळजवळ सोडून दिली होती: "खालचं काही दिसत नाही हो." त्यांना परत विचारलं. त्यांचं म्हणणं असं, की छोट्या दुकानांत पाऊच खोक्यातच उभे ठेवतात आणि खोक्याची पुढची कड पाऊचचा खालचा पाच सेंटिमीटर भाग झाकते. पाऊचची उंची एकवीस सेंटिमीटर. वरचे साधारण चार सेंटिमीटर सील आणि झिपमध्ये जातात. म्हणजे दुकानात डोळ्यांसमोर येतो तो मधला बारा सेंटिमीटरचा पट्टा, आणि माझा लोगो या पट्ट्याच्या अगदी खालच्या कडेला होता, भोवती बारीक नक्षी घेऊन.

दुरुस्ती अशी ठरली: लोगो झिपच्या लगेच खाली घ्यायचा, भोवतीची नक्षी काढून मागे सपाट पिवळा रंग ठेवायचा, आकार 38 मिलिमीटरवरून 44 वर न्यायचा. वाटीचा फोटो त्याखाली, आधीपेक्षा मोठा, पण आमटीचा पृष्ठभाग त्या बारा सेंटिमीटरच्या आत. तीन माणसांच्या सूचना यादीत एक ओळ झाल्या, आणि त्या ओळीसमोर तिघांचीही नावं आली.

चूक तिसरी: नियमाची गोष्ट मतांना टाकणं

मॅडमची आणखी एक सूचना होती: घटक पदार्थांच्या यादीत खोबरं पहिलं लिहा, खोबरं म्हटलं की लोकांना घरचा मसाला आठवतो. ताईंनी लिहिलं होतं, धणे पहिले. मी नवखी असताना याकडेही दोन मतं म्हणूनच पाहिलं असतं आणि "जरा ठरवून सांगा" म्हणून सगळ्यांना ईमेल पाठवला असता. त्यावर ऑफिसमध्ये मतदान झालं असतं.

पण खाद्यपदार्थांच्या लेबलचे 2020चे एफएसएसएआयचे नियम सांगतात, की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. या मसाल्यात धणे सर्वांत जास्त आहेत, त्यामुळे धणेच पहिले येणार. शाकाहारी चिन्हाचंही तसंच. कुणीतरी "तो हिरवा ठिपका जरा बारीक करा, डिझाइनमध्ये खुपतो" असं लिहिलं होतं. ताईंच्या मोजणीनुसार पाऊचचा मुख्य दर्शनी भाग शंभर ते पाचशे चौरस सेंटिमीटरच्या गटात येतो. त्या गटात वर्तुळाचा व्यास किमान चार मिलिमीटर लागतो आणि चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट. आमचं वर्तुळ चारचंच होतं. बारीक करायला जागाच नव्हती.

अशा ओळी यादीतून गुपचूप वगळू नका. त्या लिहा आणि पुढे "करत नाही" असं कारणासह नोंदवा. नाहीतर पुढच्या फेरीत तीच सूचना परत येते, या वेळी थोडी चिडून. आणि नकार देताना मूळ हेतूला वाट काढून द्या. खोबरं लोकांच्या डोळ्यांत भरावं हा मॅडमचा हेतू रास्त होता, म्हणून वाटीच्या फोटोशेजारी सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी ठेवली.

उलटही होतं, म्हणजे नियमाची गोष्ट जवळजवळ कुणालाच सुचलेली नसते. सत्तावीस सूचनांमध्ये कमाल किरकोळ किमतीशेजारी एकक विक्री किंमत टाकायची राहिली आहे, हे फक्त ताईंनी लिहिलं होतं, तेही ईमेलच्या शेवटच्या ओळीत. 200 ग्रॅमला 150 रुपये, म्हणजे ग्रॅमला 0.75 रुपये. एकाच माणसाने एकदाच सांगितलेली सूचना हलकी समजू नका.

चूक चौथी: यादी स्वतःसाठी लिहिणं

"मागचा मजकूर नीट करणे" अशी ओळ माझ्या वहीत चालेल. पाच जणांना पाठवली, तर प्रत्येक जण त्यात आपापला अर्थ भरेल. ओळ अशी हवी, की डिझाइन न उघडताही बदल कळावा:

> 7. मागची बाजू, किमतीचा चौकोन: कमाल किरकोळ किमतीखाली "एकक विक्री किंमत ₹0.75 प्रति ग्रॅम" ही ओळ टाकायची. सूचना कुणाची: क्वालिटी. स्थिती: करायचं.
>
> 8. मागची बाजू, घटक: खोबरं पहिलं लिहिण्याची सूचना. क्रम वजनानुसार बंधनकारक, म्हणून करत नाही. पुढच्या बाजूला खोबऱ्याचा फोटो घेतला आहे (ओळ 2 पाहा). सूचना कुणाची: मार्केटिंग.

सत्तावीसचा हिशोबही पाठवला. पाच सूचना एकमेकींसारख्याच होत्या, चार जुन्या फाइलवरच्या, तीन सूचनांमध्ये "छान जमलंय" पलीकडे काही काम नव्हतं. उरल्या पंधरा. त्यांतल्या सहा सूचना तीन जोड्यांमध्ये एकमेकींना भिडत होत्या: लोगो, लाल रंग, खोबरं. लोगोच्या ओळीत दादांची सूचनाही मिसळली. म्हणून शेवटची यादी अकरा ओळींची. हा हिशोब दिला नाही, तर "माझं ते एक राहिलंच की" असे फोन सुरू होतात.

यादी पाठवल्यावर लगेच कामाला लागायचं नाही. आधी एका माणसाचा लेखी होकार. हा माणूस कोण, हे काम हातात घेतानाच विचारायला हवं. पण "शेवटचा शब्द कुणाचा?" असं थेट विचारलं की मालकांसमोर बाकीचे अवघडतात, आणि खरं उत्तर मिळत नाही. मी विषय वाटून विचारते: लोगोबद्दल कुणाला विचारू? फोटो आणि रंग कोण बघणार? कायद्याचा मजकूर कोण तपासणार? इथे अनुक्रमे आप्पा, मॅडम आणि ताई असं ठरलं होतं, आणि तिघांचा होकार एकत्र करून पाठवायची जबाबदारी मॅडमनी घेतली.

होकारानंतर आलेली सूचना

ती येतेच. या वेळी आप्पांच्या मुलाने चौथ्या दिवशी सांगितलं, की ग्राहक सेवेचा फोन नंबर बदलला आहे आणि मागच्या पिवळ्या पट्टीचा रंगही जरा उजळ करावा.

नंबर चुकीचा छापून चालणार नव्हतंच. पट्टीचं मात्र वेगळं होतं. असे पाऊच बहुतेक ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात, प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, आणि कोरल्यानंतरचा बदल म्हणजे त्या रंगाचा नवा सिलिंडर. छापखान्याला फोन केला. काळा सिलिंडर अजून कोरायचा होता, पिवळा झालेला होता. सगळा कायदेशीर मजकूर मी फक्त काळ्या रंगात ठेवते ते यासाठीच.

यादीत बारावी ओळ वाढली, तारखेसह: "नवा नंबर, फक्त काळा सिलिंडर, खर्च नाही." तेरावी ओळ: "पट्टी उजळ करणे, पिवळा सिलिंडर नव्याने, खर्च आणि वेळ छापखान्याकडून घेऊन कळवते. निर्णय: मॅडम." छापखान्याचं दरपत्रक आल्यावर ते त्या ओळीखाली जोडून पाठवलं. संध्याकाळी मॅडमचं उत्तर आलं: बारावी करा, तेरावी पुढच्या छपाईला.