पानाच्या शिरांवरून एकबीजपत्री की द्विबीजपत्री? फोटो पाहताना या चुका टाळा

समांतर शिरा म्हणजे एकबीजपत्री, जाळीदार शिरा म्हणजे द्विबीजपत्री. शाळेत पाठ केलेलं हे सूत्र गवताच्या पात्यावर आणि जास्वंदीच्या पानावर बिनचूक चालतं. गडबड होते ती फोटोवरून ओळखायला बसल्यावर. फोटोत नजर आधी ठळक रेषांवर जाते आणि तिथेच थांबते. उत्तर मात्र बहुतेक वेळा दोन ठळक शिरांच्या मधल्या जागेत असतं, नाहीतर त्या शिरा शेवटी कुठे पोचतात यात असतं.

यामागचं कारण पानाच्या वाढीत आहे. गवताचं पातं बुडाकडून वाढतं. नव्या पेशी तळाशी तयार होतात आणि जुना भाग वर ढकलला जातो, त्यामुळे शिरा लांबीच्या दिशेने एकमेकींना धरून जातात. द्विबीजपत्री पान बहुधा सगळ्या बाजूंनी पसरत मोठं होतं. वाढत्या पृष्ठभागात मोठ्या शिरांच्या मधे लहान, त्यांच्या मधे आणखी बारीक शिरा फुटत जातात आणि जाळं विणलं जातं. समांतर पानातही आडव्या शिरा असतातच, फक्त त्या बारीक आणि आखूड असतात. त्यामुळे ‘आडवी रेघ दिसली, म्हणजे जाळं’ असा निष्कर्ष काढून चालत नाही.

चूक पहिली: बाजूच्या शिरा समांतर दिसल्या की पान ‘समांतर’ ठरवणं

आंब्याच्या पानात मधली शीर ठळक असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना उपशिरा जवळजवळ सारख्या अंतराने निघतात. फोटोत त्या एकमेकींना समांतरच दिसतात. म्हणून आंबा एकबीजपत्री ठरतो का? नाही. त्या शिरा कडेजवळ वळतात आणि शेजारणीला जाऊन मिळतात. दोन उपशिरांच्या मधे झूम केलं की लहान-मोठ्या बेढब चौकटींचं जाळं दिसतं.

केळीच्या पानातही मधली शीर आहे आणि तिच्यापासून बाजूला जाणाऱ्या शिरा आहेत. वरवर पाहता मांडणी आंब्यासारखीच. पण इथे शिरा खूप दाट असतात आणि कडेपर्यंत सरळ पोचतात. त्यांच्या मधे फक्त आखूड आडवे जोड असतात, फाटे फोडत जाणारं जाळं नसतं. म्हणूनच वाऱ्याने केळीचं पान कडेपासून मधल्या शिरेपर्यंत सरळ पट्ट्यांमध्ये फाटतं. फोटोत फाटलेलं पान दिसलं तर चिडू नका. अशी सरळ चीर शिरांची दिशा झूम न करताही सांगून जाते. कर्दळ आणि हळद यांची मांडणीही याच धर्तीची.

या कसोटीलाही दाद न देणारं एक झाड आहे, उंडी. तिच्या पानात मधल्या शिरेपासून निघणाऱ्या बारीक शिरा इतक्या दाट आणि सरळ असतात की नुसत्या पानाच्या फोटोवर भलेभले फसतील. उंडी मात्र द्विबीजपत्री आहे. अशा वेळी शिरांशी झटत बसण्यापेक्षा फोटोत देठ आणि फांदी शोधा. उंडीची पानं समोरासमोर जोडीने येतात, देठ आखूड असतो आणि फांदी लाकडी असते. केळ आणि कर्दळ यांच्या पानाचा तळ खोडाला आवरणासारखा वेढून असतो.

चूक दुसरी: जे पान नाही, त्याच्या शिरा मोजणं

ऑस्ट्रेलियन बाभळीच्या फोटोत लांबट, कोयत्यासारखं वाकलेलं ‘पान’ दिसतं आणि त्यात तीन-चार ठळक शिरा तळापासून टोकाकडे जातात. सूत्र लावलं तर उत्तर येतं एकबीजपत्री, आणि ते साफ चुकीचं आहे. ते पानाचं पातं नसून चपटा झालेला देठ आहे. खऱ्या पातीचा भाग झाड मोठं होताना गळलेला असतो. याचा पुरावा त्याच झाडाच्या रोपट्यात मिळतो. सुरुवातीची पानं नेहमीच्या बाभळीसारखी बारीक पर्णिकांची असतात, पुढे देठ रुंदावत जातो आणि पर्णिका कमी होतात. कोवळ्या रोपाचा फोटो मिळाला तर वाद तिथेच संपतो.

उलट्या बाजूने, माडाच्या झावळीतली एक पाती सुटं पान समजून पाहिली तरी शिरांचं उत्तर बदलत नाही, पण पाने किती, कुठून निघाली, हे सगळं चुकतं. फोटोत पूर्ण पान कुठे सुरू होतं हे आधी पाहा. घड्या आणि रंगाचे पट्टे यांच्या बाबतीत सोपी खूण अशी, की पट्टा रुंदीला कमी-जास्त होतो आणि कुठेही विरून जातो, शीर मात्र दुसऱ्या शिरेतून निघते आणि ठरावीक ठिकाणी जाऊन संपते. कोरफडीसारख्या मांसल पानात शिरा आत गाडलेल्या असतात, त्यामुळे ‘शिरा दिसत नाहीत’ यातून काहीच सिद्ध होत नाही.

चूक तिसरी: वरून, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोवर विश्वास ठेवणं

फ्लॅशमुळे चकचकीत पानावर पांढरा डाग पडतो आणि बारीक शिरा पुसल्या जातात. उरतात फक्त जाड शिरा, आणि नेमका तिथेच आंबा केळीसारखा दिसू लागतो. पान तोडायची गरज नसते. ते आकाशाच्या बाजूला धरून खालून फोटो घ्या, म्हणजे उजेड पानातून येईल आणि बारीक शिराही उजळतील. जाड पान असेल तर उजेड आरपार येत नाही, तेव्हा पाठीमागची बाजू घ्या, कारण बहुतेक पानांत शिरा तिथे उठून दिसतात. उजेड कडेने तिरका पडू द्या.

तीन फोटो पुरतात. एक देठ आणि खोड दिसणारा, एक मधली शीर आणि कड यांच्या मधल्या जागेचा जवळून, आणि एक पानाच्या तळाचा, जिथे देठ पात्याला मिळतो. जवळच्या फोटोत कॅमेरा पानाला टेकवण्याइतका पुढे नेला तर फोकस सुटतो. थोडं मागे राहून झूम केलेलं बरं. आणि मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेल्या दाबून लहान केलेल्या फोटोत बारीक जाळं वितळून जातं, म्हणून मूळ फाइल मागवा.

चूक चौथी: ‘जाळीदार’ दिसलं की एकबीजपत्री बाद करणं

हीच चूक सगळ्यांत जास्त होते. अळू, घोटवेल आणि कारांदा या तिन्ही वनस्पती एकबीजपत्री आहेत आणि तिघींच्या पानात जाळी दिसते. यातलं कारांद्याचं प्रकरण सविस्तर पाहण्यासारखं आहे, कारण त्याच्या फोटोत गुळवेलीशी घोळ हमखास होतो. दोन्ही वेली, दोन्हींचं पान बदामाच्या आकाराचं, दोन्हींत देठाच्या टोकापासून अनेक शिरा फुटतात आणि दोन्हींत आडव्या शिरांची जाळी आहे. गुळवेल मात्र द्विबीजपत्री.

फोटो समोर ठेवून आधी तळाशी फुटलेल्या शिरा एकेक करून टोकाकडे नेत जा. कारांद्यात मधल्या शिरेच्या शेजारच्या शिरा कमानीसारख्या वळतात आणि पानाच्या टोकाकडे एकत्र येतात. मधल्या शिरेला स्वतःच्या ठळक फांद्या जवळजवळ नसतात. उभ्या शिरांच्या मधे आडव्या शिरा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकामागोमाग येतात. गुळवेलीत टोकापर्यंत पोचते ती प्रामुख्याने मधली शीर. बाकीच्या शिरा कडेकडे पसरत जातात, वाटेत फाटे फोडतात, आणि मधल्या शिरेलाही वरच्या भागात बाजूच्या शिरा फुटतात.

हा फरक लहान फोटोतही दिसतो, कारण त्यासाठी बारीक जाळं दिसायची गरज नसते. शिरा टोकाकडे येतात की कडेकडे जातात, एवढंच पाहायचं. दालचिनी आणि तमालपत्र यांच्याही पानात तीन शिरा टोकाकडे कमान घेतात आणि ती झाडं एकबीजपत्री नाहीत, हेही ध्यानात असू द्या. तिथे फांदी लाकडी असते आणि पान वेलीवर नसतं, म्हणून गोंधळ लवकर मिटतो.

आता फुलाचा आधार घ्यावा, असं कुणी म्हणेल. पाकळ्या तीनच्या पटीत असल्या की एकबीजपत्री, चार-पाचच्या पटीत असल्या की द्विबीजपत्री, हे शाळेतलं दुसरं सूत्र. पण गुळवेल द्विबीजपत्री असूनही तिच्या फुलात निदलं सहा आणि पाकळ्या सहा असतात. म्हणजे इथे फूल पाहणारा खात्रीने चुकणार. त्यापेक्षा वेलीचा मोठा फोटो मागवा. कारांद्यात पानाच्या बगलेत हवेतच लटकणारे बटाट्यासारखे लहान कंद येतात, अर्थात हंगाम असेल तर. जुन्या गुळवेलीच्या खोडावर खरबरीत उंचवटे असतात आणि त्यातून दोऱ्यासारखी हवाई मुळं खाली लोंबतात. कंद दिसला नाही म्हणजे कारांदा नाही, असं मात्र म्हणू नका. आणि रानटी कारांद्याचा कंद कच्चा विषारी असतो, त्यामुळे फोटोवर झालेली ओळख खाण्यासाठी किंवा औषधासाठी पुरेशी नाही.

चूक पाचवी: सूत्र फुलझाडांबाहेर लावणं

नेचे, सायकस, गिंको, पाईन यांना एकबीजपत्री-द्विबीजपत्री ही विभागणीच लागू नाही. गिंकोच्या पंखाकृती पानात शिरा तळापासून दोन-दोन फाटे होत कडेला जातात, आणि वरवर पाहणाऱ्याला त्या समांतर वाटतात. नेच्याच्या पानाखाली बीजाणूंचे ठिपके दिसले तर शिरा मोजायचं काम तिथेच थांबवा.

शिवाय, द्विबीजपत्री हा शब्दही आता सैल झाला आहे. मिरी, नागवेल, चाफ्याच्या कुळातला सोनचाफा आणि दालचिनी यांना दोन बीजपत्रं असली तरी आजच्या वर्गीकरणात ती ‘खऱ्या द्विबीजपत्रीं’च्या मोठ्या गटात येत नाहीत. त्यांचा एक वेगळा, जुना गट धरतात. पानात जाळी दिसली की उत्तर ‘एकबीजपत्री बहुधा नाही’ इतकंच लिहावं, आणि पुढचा गट ठरवायला फुलाचा, फळाचा आणि खोडाचा फोटो मागवावा.