सेफॅलोस्पोरिनच्या पाच पिढ्या सहा ओळींत

फार्माकॉलॉजीच्या तोंडी परीक्षेत पिढ्यांची सरमिसळ होत असेल, तर हे कडवे टाळी देत म्हणून पाठ करा:

पहिलीत सेफाझोलिन, सेफालेक्सिन जोडीला,
ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू लागती देशोधडीला.
दुसरीत सेफ्युरॉक्झिम, हिमोफिलसला गाठी,
तिसरीत सेफ्ट्रायॅक्सोन, ग्रॅम-निगेटिव्हच्या पाठी.
चौथीत सेफेपिम, स्युडोमोनासही ना सुटे,
पाचवीत सेफ्टारोलिन, एमआरएसएचे बळ तुटे.

पहिलीकडून तिसरीकडे जाताना ग्रॅम-निगेटिव्हवरची पकड वाढते आणि स्टॅफिलोकोकसवरची ढिली होते. चौथी दोन्ही बाजू सांभाळते. पण पाचवी म्हणजे चौथीच्या वरची पायरी, असे समजू नका. बहुतेकांची चूक इथेच होते.

समजा, प्रश्न आला: लघवीच्या कॅथेटरमुळे स्युडोमोनासचा संसर्ग झाला आहे, सेफाझोलिन, सेफ्ट्रायॅक्सोन, सेफ्टाझिडिम आणि सेफ्टारोलिन यांतले कोणते द्याल? पिढी जितकी नवी तितकी बरी, असे धरून सेफ्टारोलिन निवडले तर उत्तर चुकले, कारण स्युडोमोनासवर त्याचा भरवसा नाही. सेफ्ट्रायॅक्सोनही तिथे चालत नाही. उत्तर सेफ्टाझिडिम. ते तिसऱ्या पिढीतले असूनही स्युडोमोनासला पुरते, म्हणून कडव्याच्या चौथ्या ओळीशेजारी हा अपवाद पेन्सिलने लिहून ठेवा.

लिस्टेरियावर मात्र कुठल्याच पिढीची मात्रा चालत नाही. म्हणूनच नवजात बाळाच्या किंवा वृद्धाच्या मेनिंजायटिसमध्ये सेफॅलोस्पोरिनसोबत अँपिसिलिन जोडतात.