कूपन साइट्सचा अहवाल वाचताना या चुका टाळा

अ‍ॅफिलिएट नेटवर्कच्या मासिक अहवालात कूपन साइट्स बहुधा सगळ्यात वर दिसतात. क्लिकमागे ऑर्डरचं प्रमाण ब्लॉग किंवा परीक्षण साइट्सच्या कितीतरी पट, आणि कमिशनचा मोठा वाटाही त्यांचाच. हे आकडे खोटे नसतात, पण ऑर्डरच्या आधीचा शेवटचा क्लिक कोणाचा होता एवढंच ते सांगतात. ती साइट नसती तर ऑर्डर आली असती का, हे त्यातून कळत नाही.

ग्राहक वस्तू निवडतो, कार्टमध्ये टाकतो आणि पैसे भरायला जातो. तिथे त्याला ‘कूपन कोड’ची रिकामी चौकट दिसते. तो दुसऱ्या टॅबमध्ये दुकानाचं नाव आणि ‘कूपन’ हे शब्द शोधतो, पहिल्या साइटवर जातो आणि ‘कोड दाखवा’ दाबतो. त्याच क्षणी अ‍ॅफिलिएट लिंक उघडते आणि कुकी बसते. कोड चालला नाही, तरी कुकी राहतेच. ग्राहक परत येऊन पूर्ण किंमत भरतो आणि कमिशन त्या साइटला जातं. आठवडाभर आधी एखाद्या सविस्तर परीक्षणामुळे तो दुकानात आला असेल, तर त्या लेखकाचं श्रेय पुसलं जातं.

चूक पहिली: ऑर्डरच्या प्रमाणावरून भागीदाराची किंमत ठरवणं

जो खरेदी करायलाच निघाला आहे त्याला शेवटच्या पायरीवर गाठलं, तर हे प्रमाण चढंच दिसणार. त्यापेक्षा क्लिक आधी झाला की वस्तू आधी कार्टमध्ये गेली, ते तपासा. नेटवर्ककडून ऑर्डर क्रमांकासह क्लिकची वेळ मागवा आणि आपल्या नोंदींतल्या कार्टच्या वेळेशी जोडा:

```sql
SELECT partner, COUNT(*) AS orders,
  AVG(CASE WHEN first_cart_at < last_click_at
      THEN 1.0 ELSE 0 END) AS cart_first
FROM affiliate_orders
WHERE first_cart_at IS NOT NULL
GROUP BY partner;
```

`first_cart_at` म्हणजे त्याच खरेदीसाठी पहिली वस्तू कार्टमध्ये गेली ती वेळ. मागच्या खरेदीची नव्हे. शेवटून दुसऱ्या ओळीतली `WHERE` ची अट गाळू नका. ती नसेल तर कार्टची नोंद हरवलेल्या ऑर्डर ‘क्लिक आधी’ या बाजूला मोजल्या जातात आणि भागीदार उगाच चांगला दिसतो.

इथे घड्याळांचाही घोळ होतो. नेटवर्क वेळ बहुतेकदा UTC मध्ये देतं, तर दुकानाची नोंद स्थानिक वेळेत असते. दुकानाचं घड्याळ पुढे असेल तर सगळे क्लिक कार्टच्या बरेच आधी झालेले दिसतात. क्लिक ते ऑर्डर यांतलं सर्वांत लहान अंतर शोधा. एकही ऑर्डर काही मिनिटांत आलेली नसेल आणि अंतर नेमकं काही तासांपासूनच सुरू होत असेल, तर घड्याळं जुळलेली नाहीत. क्लिक ऑर्डरच्या नंतरचा दिसत असेल, तर फरक उलट्या दिशेचा आहे.

चूक दुसरी: ‘कार्ट आधी’ म्हणजे सगळं कमिशन वाया, असं मानणं

समजा, एका साइटच्या १००० ऑर्डरपैकी ७२० मध्ये कार्ट आधी भरलेली होती. त्या ७२० जणांतले काही सवलत मिळाली नसती तर कार्ट सोडून गेले असते. किती, हे वेळेच्या नोंदींवरून ठरत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो, आणि त्याआधी तोट्याची रेषा काढावी लागते.

ऑर्डरची किंमत १०० धरा. सवलतीशिवाय त्यातून ४० उरतात. कूपनची सवलत १० आणि नेटवर्कच्या शुल्कासह कमिशन ५ गेलं की २५ उरतात. म्हणजे कूपनमुळेच आलेली प्रत्येक ऑर्डर २५ मिळवून देते आणि एरवीही आलीच असती अशी प्रत्येक ऑर्डर १५ गमावते. हिशेब शून्यावर येण्यासाठी १५ भागिले ४०, म्हणजे ३७.५ टक्के ऑर्डर खरोखर नव्या असायला हव्यात. बरेच जण फक्त कमिशन खर्चात धरतात आणि सवलत विसरतात. या उदाहरणात सवलत कमिशनच्या दुप्पट आहे.

आता प्रयोग. कार्टवर आलेल्यांचे यादृच्छिक दोन गट करा. एका गटाला कूपनची चौकट दाखवा, दुसऱ्याला लपवा. गट व्यक्तीनुसार पाडा, भेटीनुसार नव्हे. नाहीतर तोच माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गटात जाईल. तुमच्या ईमेलमधून कोड घेऊन आलेल्यांना वगळा किंवा त्यांचा कोड लिंकमधूनच आपोआप लागू करा.

समजा, प्रत्येक गटात २०,००० जण आहेत. चौकट दिसणाऱ्या गटात ६२०० ऑर्डर आल्या, त्यांतल्या १००० कूपन साइट्सच्या नावावर. लपवलेल्या गटात ६००० आल्या, त्यांतल्या १५० त्यांच्या नावावर. म्हणजे कूपनच्या ८५० जादा ऑर्डरमागे एकूण ऑर्डर फक्त २०० ने वाढल्या. प्रमाण साधारण २३.५ टक्के, रेषेच्या खाली. पैशांत पाहिलं तर पहिल्या गटातून २,३३,००० उरले आणि दुसऱ्यातून २,३७,७५०.

एवढ्यावर निर्णय मात्र घेऊ नका. या संख्येला २०० च्या फरकाची ९५ टक्के मर्यादा साधारण २० ते ३८० येते, म्हणजे नव्या ऑर्डरचं प्रमाण २ ते ४५ टक्क्यांत कुठेही असू शकतं आणि ३७.५ त्यातच बसतं. गट चौपट, म्हणजे प्रत्येकी ८०,००० केले आणि फरकाचं प्रमाण तसंच राहिलं, तर मर्यादा सुमारे १३ ते ३४ टक्क्यांवर येते. तेव्हा ठामपणे बोलता येतं.

चूक तिसरी: साइट्स बंद करून अ‍ॅफिलिएटचाच आलेख पाहणं

चौकट लपवणं शक्य नसेल तर काही जण कूपन भागीदार महिनाभर थांबवतात. मग अ‍ॅफिलिएटची विक्री घसरते आणि घाबरून ते पुन्हा सुरू होतात. ती घसरणारच होती. पाहायचं असतं ते दुकानाच्या एकूण ऑर्डर आणि सवलत वजा जाता उरलेल्या पैशांकडे. सलग महिना थांबवण्यापेक्षा एकाआड एक आठवडा बंद-चालू ठेवणं बरं, म्हणजे हंगामी चढउतार दोन्ही बाजूंना वाटले जातात. आधीच्या आठवड्यातली कुकी पुढच्या आठवड्यात ऑर्डर आणते, म्हणून प्रत्येक बदलानंतरचे पहिले एकदोन दिवस मोजणीतून गाळा.

चूक चौथी: सगळ्यांना एकच नियम

काही कूपन साइट्सचे स्वतःचे वाचक असतात. ते दुकान माहीत नसताना तिथून येतात. त्यांच्या ऑर्डरमध्ये क्लिक आधी असतो आणि नव्या ग्राहकांचं प्रमाणही जास्त दिसतं. त्यांना पूर्ण दर ठेवा. कार्ट भरल्यानंतर आलेल्या क्लिकला कमी दर द्या किंवा शून्य, आणि ठरावीक दिवसांत परीक्षण साइटचा क्लिक झालेला असेल तर कूपनच्या क्लिकने तो पुसला जाणार नाही, असा क्रम नेटवर्कमध्ये लावून घ्या. दुकानाच्या नावावर सशुल्क शोधजाहिरात देण्यास करारातच मनाई हवी.

चेकआउटला कूपन शोधून देणारं ब्राउझर एक्स्टेंशन वेगळं तपासावं लागतं. कोरं ब्राउझर प्रोफाइल उघडून फक्त ते एक्स्टेंशन बसवा. एखाद्या परीक्षण साइटच्या लिंकवरून दुकानात या, कार्ट भरा आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये `Application` मधल्या `Cookies` खाली नेटवर्कच्या कुकीचं मूल्य टिपून ठेवा. चेकआउटला एक्स्टेंशनची खिडकी आली की आधी ती नुसती बंद करा आणि मूल्य पुन्हा पाहा. नंतर कोड शोधायला सांगून तिसऱ्यांदा पाहा. तुमचं ट्रॅकिंग सर्व्हरवरून होत असेल तर कुकीत बदल दिसेलच असं नाही. मग खरी ऑर्डर देऊन, श्रेय कोणाला गेलं ते पाहून, ती रद्द करा. दुसऱ्या अ‍ॅफिलिएटचा क्लिक आधी असताना एक्स्टेंशनने मागे राहावं, असा नियम अनेक नेटवर्क्सच्या अटींत असतो. खिडकी बंद केल्यावरही मूल्य बदललं, तर वेळेसह स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ऑर्डर क्रमांक नेटवर्कला पाठवा, आणि कमिशन मंजूर होण्याची मुदत संपण्याआधी पाठवा. एकदा मंजूर झालेली रक्कम परत मिळवणं फार अवघड जातं.