सात दिवसांचा क्यूब-निकाल कोणत्या आकड्याशी ताडावा?

काँक्रीटची ताकद तपासण्याचे क्यूब, म्हणजे घनाकृती ठोकळे, करताना १५० मिलिमीटरच्या साच्यात काँक्रीट तीन थरांत भरून प्रत्येक थर सळईने किमान ३५ वेळा ठोसावा. साचा दुसऱ्या दिवशी उघडून क्यूब चाचणीच्या वेळेपर्यंत पाण्यात बुडवून ठेवावेत. दाब देताना थापीने सपाट केलेली बाजू वर किंवा खाली येऊ देऊ नये, कारण ती क्वचितच पुरेशी समतल असते आणि त्यामुळे निकाल विनाकारण कमी येतो.

समजा, एम २५, म्हणजे अठ्ठावीस दिवसांत प्रति चौरस मिलिमीटर २५ न्यूटन ताकदीच्या, काँक्रीटचे तीन क्यूब सातव्या दिवशी सरासरी ३८२ किलोन्यूटन भाराला फुटले. हा भार क्यूबच्या एका बाजूच्या २२,५०० चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाने भागल्यास ताकद प्रति चौरस मिलिमीटर सुमारे १७ न्यूटन येते. साध्या सिमेंटचे काँक्रीट सात दिवसांत अंतिम ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश गाठत असल्याने अठ्ठावीस दिवसांचा अंदाज २५ किंवा किंचित अधिक निघतो आणि बांधकाम करणारा निश्चिंत होतो. ही निश्चिंती चुकीची आहे. २५ ही ताकद बहुतेक सर्व नमुन्यांनी ओलांडायची असते. म्हणून मिश्रणाची सरासरी ३१ च्या आसपास ठरवलेली असते आणि सातव्या दिवशी २०-२१ अपेक्षित असतात. निकाल त्याहून कमी, १७ आल्यास पुढची भरणी करण्यापूर्वी पाण्याचे प्रमाण आणि वाळूतील ओलावा तपासावा. मात्र फ्लाय अ‍ॅश असलेले काँक्रीट सावकाश ताकद घेते, त्याला हा हिशेब लागू नाही.

स्वीकृतीचा निर्णय अठ्ठावीस दिवसांच्या निकालावरच घ्यावा. तोही फक्त मिश्रणाबद्दल सांगतो. स्लॅबवर पाणी नीट मारले होते की नाही, हे टाकीत ठेवलेल्या क्यूबवरून कळत नाही.