वरातीच्या घोडीचा पोटातला अल्सर: औषध रिकाम्या पोटी, बाकी वेळ पोट रिकामं नको

गेल्या लग्नसराईत आमच्या सोलापूरच्या पागेतली एक घोडी, वजन साधारण 350 किलो, दाणा अर्धवट टाकू लागली. कडबा खायची, भरड्याला मात्र तोंड लावून मागे सरायची. तंग आवळताना चावायला धावायची. खाल्ल्यानंतर दोनदा पोटदुखीसारखी पाय आपटून, वळून कुशीकडे पाहत राहिली. मोतद्दार म्हणाला, "मालक, माज आलाय तिला." मलाही आधी तसंच वाटलं.

घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, दाणा असो वा नसो. त्याला आवर घालणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून संरक्षण देणारा थर नसतो. घोडं रिकाम्या पोटी चाललं, नाचलं की पोट दाबलं जातं आणि खालचं आम्ल वर उसळतं. संध्याकाळी पाचला खोगीर चढवून रात्री अकराला उतरवायचं, मधे घास नाही, हे आमचंच काम होतं.

लक्षणांवरून खात्री होत नाही. दात, जंत, पाठदुखी यांतही असंच दिसतं. शेणातलं रक्त तपासूनही नेमकं काही कळत नाही. खात्री होते ती दुर्बिणीनंच. ती सुमारे 3 मीटर लांब लागते. पुण्याहून डॉक्टर ती घेऊन आले.

तपासणीआधी 12 ते 16 तास चारा बंद ठेवा, पाणी शेवटचे काही तास. मुसकी बांधाच. नाहीतर घोडं बिछान्याचा पाचोळा खातं, दुर्बिणीत फक्त चारा दिसतो आणि खर्च वाया जातो. आमची पहिली खेप अशीच गेली. भूल न देता नुसतं गुंगीचं इंजेक्शन देतात, नळी नाकातून जाते, आणि आत हवा भरून जठर फुगवतात.

जठराच्या वरच्या, फिकट भागाला 0 ते 4 अशी श्रेणी देतात. 0 म्हणजे अस्तर शाबूत, 4 म्हणजे पसरलेल्या, खोल जखमा. आमच्या घोडीला वरच्या आणि खालच्या भागाच्या सीमारेषेलगत श्रेणी 3 निघाली. शिवाय जठराच्या तोंडापाशी, जिथून अन्न आतड्यात उतरतं तिथे, लाल उंचवटे होते. या खालच्या भागाला श्रेणी देत नाहीत, जखम कुठे आणि कशी दिसते ते लिहून ठेवतात. हा वेगळा आजार समजा. तो केवळ आम्ल कमी केल्यानं सहसा लवकर बरा होत नाही.

डॉक्टरांनी आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल दिवसातून एकदा, किलोमागे 4 मिलिग्रॅम, म्हणजे तिच्यासाठी 1,400 मिलिग्रॅम सांगितलं. खालच्या भागासाठी सुक्राल्फेट, किलोमागे 12 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. मात्रा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावी. माणसांच्या कॅप्सूल फोडून, दाणे कुटून देऊ नका. आवरण तुटलं की औषध जठरातच नासतं.

खरी गंमत वेळेची आहे. चारा पोटात असला की ओमेप्राझोल कमी शोषलं जातं, आणि चारा नसला की आम्ल जखमेला लागतं. म्हणून आम्ही असं बसवलं: रात्री वैरण भरपूर, पहाटे तीनला गव्हाण रिकामी, सहाला ओमेप्राझोल, पाऊण तासानं वैरण. सुक्राल्फेट त्यानंतर दीड तासानं आणि मग रात्री. ते जखमेवर चिकटून थर धरतं, म्हणून ओमेप्राझोलसोबत एकदम देऊ नये.

वैरणीचा हिशोब असा. शंभर किलो वजनामागे किमान दीड किलो कोरडा चारा, म्हणजे तिला सव्वापाच किलो. आम्ही 7 किलो ठेवला: 3 किलो कडब्याची कुट्टी, 2 किलो वाळलेलं गवत, 2 किलो वाळलेली लसूणघास. नुसता कडबा भागत नाही. तो भरड असतो आणि लसूणघासेतल्या कॅल्शियमसारखं आम्ल शमवणारं त्यात फारसं नसतं. दिवसा चार-पाच तासांहून जास्त खंड पडू द्यायचा नाही.

ज्वारीचा भरडा आधी एका वेळी 2 किलो होता, त्यात जवळपास 1.4 किलो पिष्ट. मर्यादा एका वेळी किलो वजनामागे 1 ग्रॅम, म्हणजे 350 ग्रॅम. म्हणून भरडा अर्ध्या किलोवर आणला आणि कमी पडलेली ताकद तेलानं हळूहळू वाढवत भरून काढली. मोतद्दार आठवडाभर नाराज होता.

वरातीला निघण्याआधी अर्धा तास लसूणघासेचा तोबरा. उड्या मारताना आम्ल त्या घासात अडकतं. मिरवणूक लांबली तर मधे पुन्हा दोन मुठी. नवरदेव थांबतो.

चार आठवड्यांनी दुर्बीण पुन्हा घातली. वरचा भाग जवळपास कोरा, तोंडापाशीचे उंचवटे मात्र निम्मेच बसलेले. दाणा ती पंधरा दिवसांत संपवू लागली होती, म्हणजे लक्षणांवर थांबलो असतो तर फसलो असतो. औषधं आणखी चार आठवडे चालली. नंतर ओमेप्राझोल एकदम तोडलं नाही. एकदम तोडलं की आम्ल उसळतं, म्हणून मात्रा टप्प्यानं कमी केली आणि तोही काळ लग्नसराई संपल्यावरचा निवडला. मधल्या काळात कोणतंही वेदनाशामक डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही, त्यातली काही खालच्या भागाला जखमा करतात.