वेलभाजीच्या ओळींसाठी बांबू आणि तार किती लागेल

कारले, दोडका, काकडी बांबूंना आडव्या ताणलेल्या तारांवर चढवायची असेल तर बाजारात जाण्याआधी ओळ मोजा. ओळ म्हणजे शेताची लांबी नव्हे. दोन्ही टोकांना ताण द्यायला, म्हणजे टोकाचा बांबू तिरक्या तारेने बाहेरच्या मेखेला बांधायला, ६-६ फूट जागा सुटली पाहिजे. शेत ११२ फूट असेल तर ओळ १०० फूटच धरा. नेमके हे ताणच यादीतून राहू शकतात, म्हणून आधी तेच लिहून घ्या: प्रत्येक ओळीला दोन ताण.

बांबू ८ फुटांवर एक. १०० ला ८ ने भागले की साडेबारा येतात; वर १३ धरा, म्हणजे गाळे १३ आणि बांबू १४. गाळ्यांपेक्षा बांबू एकाने जास्त, हे विसरलात तर शेवटचे टोक उघडे राहते. अशा १२ ओळींना १६८ बांबू लागतील. त्यांतले २४ टोकांचे, ते जाडच घ्या. उंची ८ फूट, त्यातले २ फूट जमिनीत.

आता तार. तीन पदर म्हणजे ३०० फूट, वेढे आणि गाठींना १२. इथे थांबू नका, ताण मोजा! खांब जमिनीवर ६ फूट, मेख ६ फूट बाहेर, म्हणून तिरकी तार साडेआठ फूट. ती दुहेरी पिळायची आणि खाली बांधायची, तर एका ताणाला २० फूट, ओळीला ४०. एकूण ३५२ फूट, १२ ओळींना ४,२२४. १४ गेजची तार किलोला साधारण १२८ फूट भरते, म्हणजे ३३ किलो. दुकानदाराने १२ गेज दिली तर किलोला जेमतेम ७६ फूट, मग ३३ किलो कुठेच पुरणार नाही. गेज विचारल्याशिवाय वजन सांगू नका.

ताणाशिवाय चालेल असे वाटते, कारण लागवडीवेळी तार घट्टच असते. मधले बांबू तार फक्त वर धरतात. ओढ सगळी टोकाच्या खांबावर येते. फळांचे वजन आले की तो आत झुकतो, बुंध्यामागची माती फाटते, वरचा पदर ढिला पडतो. तोवर वेल तारेला गुंडाळलेले असतात, ओढायला गेलात तर तुटतात. म्हणून ताण आधी, तार नंतर. २४ ताणांना २४ मेखा किंवा गाडायला तेवढेच मोठे दगड. मेख खांबापासून उलट्या बाजूला कललेली ठोका, सरळ ठोकलेली उपटून येते.

बाकी पक्कड, सुतळी, पहार. फुटलेल्यांच्या बदल्यात ८-१० बांबू जास्त. आणि निघण्याआधी कागदावर पुन्हा पाहा: ताणाची तार धरली का, मेखा २४ आहेत का.