टेकूवाल्या ब्रॅकेटच्या पिनांवरचं बळ

भिंतीवरचं एक ब्रॅकेट सोडवायचं होतं. आडवी दांडी ३ मीटर, भिंतीशी A ला पिन. A पासून २ मीटरवर C ला तिरका टेकू, तो खाली भिंतीत D ला पिनने बसवलेला; D हा A च्या बरोबर २ मीटर खाली. दांडीच्या टोकाला ६ किलोन्यूटन भार.

अख्खी फ्रेम घेतली तर अज्ञातं चार, समीकरणं तीन. गाडी तिथेच अडते. टेकू सुटा काढून पाहिला आणि कोडं सुटलं: वजन धरलं नाही तर त्यावर फक्त C आणि D लाच बळं लागतात, म्हणजे ती CD च्या रेषेतच, ४५ अंशात. एक अज्ञात कमी झालं.

आता दांडी. तिच्यावर तीन बळं: भार, टेकूचा रेटा, A ची प्रतिक्रिया. A भोवती मोमेंट घेतला की टेकूचा उभा घटक ६×३÷२ = ९, आडवाही ९, म्हणून C आणि D वर १२.७३ किलोन्यूटन. A ला आडवं ९ भिंतीकडे आणि उभं ३, तेही खाली! बरेच जण इथे चिन्ह बदलून टाकतात. पण C वर टेकलेल्या दांडीचं आतलं टोक उचललं जाणारच.

खात्री आलेखावर केली. समांतर नसलेली तीन बळं समतोलात असली की त्यांच्या रेषा एकाच बिंदूत मिळतात. भाराची उभी रेषा आणि टेकूची रेषा दांडीच्या टोकापासून १ मीटर वर छेदतात. A पासून त्या बिंदूचा चढ ३ ला १, आपलं ९ ला ३ तेच. A वर एकूण ९.४९ किलोन्यूटन.

टेकूचं वजन धरायचं असेल, तर मात्र ही ४५ अंशाची सवलत मिळत नाही.